कुणाचं काय बिघडलं?

प्रगतीच्या खांद्यावरच्या पिशवीत पाच गोष्टी असायच्या. एकेका कागदावर एकेक छापलेली, चार-पाच ओळींची. ती दारात जाऊन पाणी मागायची, बसायची, ओळख सांगायची आणि मग गोष्टी वाचून दाखवायची.

पहिली गोष्ट कुत्र्याच्या पिल्लाला चटके देणाऱ्या माणसाची. दुसरी मजुरीत बायांना सारख्या कामाचे कमी पैसे देणाऱ्या बागायतदाराची. तिसऱ्या गोष्टीत कबड्डीतला एक गडी फायनलला आपलं गाव सोडून शेजारच्या गावाकडून खेळतो. नियमात बसत असतं, कुणाला फसवलेलं नसतं. चौथ्या गोष्टीत मुलगा भर ग्रामसभेत बापाला ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणतो, आणि त्याचा मुद्दा बरोबर असतो. पाचवीत एक बाई देवाचं जुनं विटलेलं उपरणं फाडून त्याने संडास पुसते. दार लावून. कुणी बघत नाही, कुणी आजारी पडत नाही.

प्रत्येक गोष्टीनंतर चार प्रश्न. हे चूक आहे का? कुणालाच कळलं नसतं तरी चूक का? दुसऱ्या मुलखात सगळेच असं करत असतील, तर तिथंही चूक का? आणि का?

काम पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं होतं. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर प्रगतीला मिळालेली ही पहिली नोकरी. तिचे साहेब विक्रम सर मूळचे पुण्याचे. वर्षभराच्या या कामासाठी त्यांनी शिक्रापूरला फ्लॅट भाड्याने घेतला होता. माणूस साधा, आवाज कधी न चढवणारा. प्रगती कासुर्डी गावची. आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बारा वर्षांपूर्वी मेंढरं विकून ऊस लावला, तेव्हा ती शाळेत होती.

पहिल्या दोन गोष्टींना सगळीकडे एकच उत्तर येई. पिल्लाला चटके देणं चूक आणि कमी मजुरी देणंही चूक, पाबळ गावात काय आणि शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांत काय. वाटा फुटायच्या त्या तिसरीपासून. शिक्रापूरला कंपनीत काम करणारे इंजिनिअर उपरण्याच्या गोष्टीवर तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, “घाण वाटतं, पण तिची मर्जी. कुणाचं काय बिघडलं?” गावात मात्र उत्तर यायचं: चूक. का? “रोगराई व्हईल.” कुणी आजारी पडलं नाही, गोष्टीत लिहिलंय. “मंग कुणीतरी बघंल, त्याला वाईट वाटंल.” दार लावलं होतं. माणूस मान हलवायचा. “तरीबी चूक. देवाचं हाय न्हवं.”

अशा उत्तरासमोर सरांनी एक चौकोन करून दिला होता: ‘कारण देता आले नाही’. साठ मुलाखतींमध्ये प्रगतीने त्यात अडतीस वेळा टीक केली होती.

एकोणचाळिसावी टीक तिच्या आत्याची व्हायची होती. म्हाळसाआत्याने आयुष्याची तीस वर्षं मेंढरांमागं काढलेली. कबड्डीची गोष्ट ऐकून ती म्हणाली, “त्यानं घात केला.”

“नियमात होतं, आत्या.”

“असंल. आगं, आमी कोकणात उतरायचो तवा धा बिऱ्हाडं, हजार मेंढरं. लांडगा आला म्हंजी आपल्या बिऱ्हाडाचं मेंढरू न्हाई म्हणून कोन निजून ऱ्हायला, तर दुसऱ्या रातीला त्याचं गेलं. म्होरक्या म्हनंल तिथं मुक्काम. तू शानी असशील, पर धा जनांनी धा वाटा धरल्या तर मेंढरं राहत्यात व्हय?”

“आता लांडगा कुठं राहिलाय?”

आत्या हसली. “लांडगा गेला, पर आमी हाय न्हवं.”

प्रगतीने हे सगळं टिपलं. आणि मग चौकोनात टीक केली, कारण फॉर्ममध्ये दुसरी जागाच नव्हती.

त्याच महिन्यात सर कासुर्डीला जेवायला आले. लेकीला शिकवणारा, हाताला धरून कामाला लावणारा माणूस म्हणजे आण्णांच्या लेखी गुरूच. त्यांनी टोपी, नारळ दिला आणि आतून एक काळं घोंगडं आणलं. शेवटच्या कळपाच्या लोकरीचं. दर नवरात्रात नऊ दिवस ते कुळाच्या बिरदेवापुढं अंथरलेलं असे. भंडाऱ्याचा पिवळा रंग काठात मुरला होता. “आमच्याकडं याहून चांगलं काही न्हाई,” आण्णा म्हणाले. सरांनी दोन्ही हातांनी ते घेतलं. त्यांना खरंच आनंद झाला होता.

पुढं दीड महिन्याने प्रगती फॉर्म द्यायला शिक्रापूरच्या फ्लॅटवर गेली. हात धुवायला आत गेली आणि उंबऱ्याशीच थबकली. बाथरूमच्या दारात पायपुसणं होतं. काळं, जाड, कापून नीट शिवून घेतलेलं. वर ओल्या पायांचे ठसे आणि काठाला पिवळट रेघ.

हात न धुताच ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली. सर चहा ओतत होते, हायवेवरचे ट्रक घरघरत होते.

सवयीने तिने स्वतःलाच प्रश्न विचारले. कुणाला इजा झाली? नाही. कुणावर अन्याय? वस्तू त्यांचीच होती, दिलेली. आण्णांना कळलं नसतं तरी चूक का? हो. दुसऱ्या मुलखात? तिथं तिला नक्की सांगता येईना. का? तिला शब्द सुचेना. आपण एम.ए. झालोय, आपल्याला हे पोटातून वाटता कामा नये, असं तिला वाटलं, आणि तरीही वाटत राहिलं.

“सर, ते घोंगडं,” ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा चढला. “ते देवापुढचं होतं. तुम्ही त्याला पाय पुसता?”

सरांचा हात थांबला. “अरे. मला खरंच कल्पना नव्हती. लोकर पाणी छान शोषते म्हणून… सॉरी, प्रगती. तुला त्रास झाला.”

“मला त्रास झाला म्हणून चूक नाही, सर. मी आज आले नसते, मला दिसलं नसतं, तरी चूकच होतं.”

सर खाली बसले. त्यांच्यातला संशोधक जागा झाला होता, पण त्यांनी तो आवरला. “मग नुकसान कुणाचं झालं?” त्यांनी हळूच विचारलं. चिडवायला नाही, त्यांना जाणून घ्यायचं होतं.

कपाटावर सरांच्या वडिलांचा चष्मा ठेवलेला असे. ते वारून चार वर्षं झाली होती. प्रगतीने तिकडं बघितलं. “त्या चष्म्याच्या काडीने कुणी मोरीतली घाण काढली आणि धुऊन परत ठेवला तर?”

“मला फार वाईट वाटेल.”

“आणि तुम्हाला कधी कळलंच नाही तर?”

सरांनी उठून चष्मा थोडा आत सरकवला. मग म्हणाले, “तरी करू नये.”

“का?”

“बाबांचा आहे.” त्यांनी हात हवेत फिरवला. “याला कारण म्हणायचं का नाही, ते मला सांगता येत नाही.”

“आम्ही म्हणतो, बाटलं. माझ्या एकोणचाळीस माणसांनी कारणं दिलीयत, सर. बाटलं, घात केला, मान राखला नाही. तुम्ही फक्त नुकसान आणि अन्याय या दोनच कारणांना कारण मानलं, म्हणून ती सगळी माणसं गप्प दिसतात.”

चहा निवला. सरांनी जुने फॉर्म काढले. संध्याकाळपर्यंत दोघांनी सगळी उत्तरं पुन्हा वाचली आणि त्या एका चौकोनाचे तीन रकाने केले: निष्ठा, मान, पावित्र्य. एकोणचाळीसपैकी बत्तीस उत्तरं सरळ तिकडं गेली. सात खरोखरच नि:शब्द निघाली. ती होती तिथंच ठेवली.

“पण इथल्या इंजिनिअरांना हे का दिसत नाही?” सर म्हणाले. “तेही कुठल्या तरी गावचेच.”

प्रगतीने खिडकीतून खाली बघितलं. एकेका मजल्यावर बिहारचे, लातूरचे, ओडिशाचे लोक. “इथं कुणाचा देव कुणाला ठाऊक नाही, कुणाचा म्होरक्या कुणाला मान्य नाही. सगळ्यांना पटतील असे दोनच नियम उरतात. मारू नको, आणि दुसऱ्याचा वाटा खाऊ नको. गावी गेल्यावर यांचीही उत्तरं बदलत असतील.”

“हे तपासायला हवं,” सर म्हणाले, आणि लिहून घेतलं. मग म्हणाले, “रविवारी मी कासुर्डीला येतो. आण्णांना मीच सांगेन.”

ते आले. घोंगड्याचे तुकडे स्वच्छ धुऊन, नव्या पंच्यात बांधून आणले होते. ओसरीवर बसून त्यांनी झालं ते न लपवता सांगितलं. म्हाळसाआत्याने तुकडे उलटेपालटे केले.

“फाडलं त्याचं काई न्हाई. फाटतंच. घोंगड्यावर कुत्रीबी निजायची आमची. पर मोरीच्या पान्याचं पाय…” तिने भंडारा आणला, चिमूट चिमूट टाकला. “वढ्याकाठी पुरूया. झालं.”

आण्णांनी मात्र तुकड्यांकडं बघितलंही नाही. प्रगतीला वाटलं, घोंगड्याचं त्यांना फार लागलं. पण त्यांनी तिच्याकडं वळून विचारलं, “तू सरांना त्यांच्या घरात बोललीस? चढ्या आवाजात?”

“चूक दिसली म्हणून बोलले.”

“सरांनी ते माज्याकडून ऐकायचं. मी इचारलं असतं. ज्यानं शिकवलं त्याला त्याच्याच उंबऱ्यात जाब इचारत्यात?”

“आण्णा, तिचं बरोबर होतं,” सर घाईने म्हणाले. “मला तिनंच शिकवलं त्या दिवशी.”

“बरोबर असंल. मी चूक म्हनत न्हाई. बरोबर असनं येगळं, आन् मान ठिवनं येगळं.”

आत्या फणकारली. “दादा, देवाचं बाटलं हुतं! तवा आवाज बघायचा व्हय?”

“व्हय. तवाच बघायचा.”

बहीण-भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. एकाच कळपामागं वाढलेली, एकाच ताटात जेवलेली दोघं. आणि एकीला देवाचं वस्त्र जड, एकाला गुरूचा उंबरा. प्रगतीला एकदम जाणवलं की ‘गावातली माणसं अशी उत्तरं देतात’ हे तिने कच्च्या अहवालात ज्या सहजतेने लिहिलं होतं, ते तिच्या घराच्या ओसरीवरच टिकत नव्हतं.

आण्णा वाट बघत होते. पाया पड म्हणतील, असं तिला वाटलं. ते म्हणाले नाहीत.

“सर,” ती म्हणाली, “आवाज चढवायला नको होता, तेवढं चुकलं. बोलले ते चुकलं नाही.”

आण्णांनी त्यावर विचार केला. पूर्ण पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी त्यांनी खोरं उचललं. “चला, वढ्याकडं जाऊ. ऊन हुईल.”

चौघं उसाच्या बांधाने निघाली. सरांनी चप्पल काढून हातात घेतली. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. खड्डा आण्णांनीच खणला. तुकडे ठेवताना आत्या काहीतरी पुटपुटली, मग माती लोटली आणि सरांना म्हणाली, “आता जेवूनच जा. भाकरी टाकते.”

पुढच्या आठवड्यात प्रगती पाबळला फुलांची शेती करणाऱ्या रंगुबाईंकडं गेली. बापाला भर सभेत बोलणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकून रंगुबाई शेवंती निवडता निवडता म्हणाल्या, “त्यात काय चुकलं? माझा ज्ञानेश मला रोज बोलतो. बरोबर असलं तर मी ऐकते.”

प्रगतीने ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि पुढचा कागद वर काढला.