अडतीस, अडतीस, अडतीस

ज्या वर्षी मे महिन्यात रेणूचं लग्न नागपुरात बापाशिवाय लागलं, ते २००६ साल. बाप म्हणजे विष्णू, डलासजवळच्या एका देशी रेस्टॉरंटातला आचारी. व्हिसा मालकाने काढलेला. सुट्टी मागितली तर मालक म्हणाला, "गेलास तर परत बोलावणार नाही." मुहूर्ताला विष्णू फोन कानाला लावून भांड्यांच्या ढिगाजवळ उभा राहिला. शेवटी फोन त्याच्या आईकडे गेला. पक्षाघाताने तिची जीभ जड झालेली. ती एवढंच बोलली, "मी हाओ तोवर ये."

तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. मस्कतच्या एका हॉटेलात महाराष्ट्राचं जेवण रांधणारा आचारी हवा होता. तिथून मुंबई विमानाने अडीच-तीन तासांवर, आणि वर्षाला सुट्टी ठरलेली. व्हिसा तर सप्टेंबरात संपतच होता. ही नोकरी हुकली तर हात हलवत घरी जायचं, आणि आईचं औषधपाणी कुठून करायचं, हा घोर.

अर्ज लिहायला तो जवळच्याच फ्रिस्को गावी सुजाताकडे गेला. ती सॉफ्टवेअरमधली, अमरावतीची. त्याच्या हातच्या पाटवडी रश्श्यापायी त्याला काका म्हणणारी. ती कॉम्प्युटरवर टाइप करत होती, तो सांगत होता. सावजी मसाला तो रोज भाजून वाटतो, गोळाभाताचे बेसनाचे गोळे वाफेवर कधी सोडायचे ते जाणतो. मग स्वच्छतेचं आलं: दिवसभराचा वर्ग, परीक्षा, दोनदा नापास, तिसऱ्यांदा सर्टिफिकेट. कोंबडी आतून एकशे पासष्ट फॅरनहाइटला पोचल्याशिवाय तो उतरवत नाही, आणि थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात घालून आधी तपासून घेतो.

"काय लिहून राहिली तू?" त्याने विचारलं.

"फ्रिजच्या तापमानाची नोंद रोज, एकही खाडा नाही. मस्कतवाल्यांनी दोन महिन्यांचे कागद मागितलेत ना, ते जोडते. काका, हेच तुमचं ट्रम्प कार्ड!"

विष्णूने पिशवीतून कागद काढले आणि त्याचा हात थबकला. चौदा ते वीस मे. लग्नाचा आठवडा. सातही दिवस अडतीस फॅरनहाइट, सकाळी अडतीस, संध्याकाळी अडतीस, एकाच पेनाने. त्या आठवड्यात त्याचं चित्त नागपुरात होतं, फ्रिजकडे पाहिलंच नव्हतं. एकवीस तारखेला बसून त्याने सगळे रकाने एका बैठकीत भरले होते.

"ती ओळ काढ," तो म्हणाला. "लिही, त्या सात दिवसांचे आकडे मी न बघता लिहिले."

"काका! हे नोकरीचं पत्र आहे, कबुलीजबाब नाही. कोण बघतंय यार?"

"जो बघत नाही, त्याच्या हाताखाली मला कशाला जायचं?"

"आणि नागपूरच्या आजीचं काय?"

तो कागदाची कड नखाने दुमडत राहिला. "लिही," तो अखेर म्हणाला. सुजाताने ती ओळ खोडली आणि लिहिलं.

नऊ दिवस काही आलं नाही. रोज सुजाताला फोन, रोज तिचं "नाही हो काका." दहाव्या दिवशी, विष्णूच्या सुट्टीच्या सकाळी सातला, मस्कतहून फोन वाजला. मुख्य शेफ शशिकांत, मूळ मालवणचा.

"ती सात दिवसांची ओळ कोणाच्या डोक्यातली?"

"माझ्याच."

"पत्र लिहून देणाऱ्याने अडवलं नाही?"

"अडवलं, साहेब."

"त्या आठवड्यातला माल?"

"एकवीसला आकडे भरून झाल्यावर फ्रिज मोजला. चव्वेचाळीस निघाला. एक्केचाळीसच्या आत पायजे. आतलं शिजवलेलं सगळं फेकलं. मालक महिनाभर बोलला नाही."

"आणि खाणाऱ्यांना?"

"कोणाची तक्रार आली नाही. पण मला माहीत नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"आजवर आलेल्या सगळ्या अर्जांचे कागद सुंदर होते," शशिकांत म्हणाला. "तुमच्यासारखा न बघता आकडा माझ्या किचनमधल्या पोरांनीही भरलाय, म्हणून मला तो ओळखता येतो. सावजीची चूल मी तुम्हाला लगेच देणार नाही. सहा महिने थंड विभाग, म्हणजे सॅलड-कोशिंबिरी. रोज सकाळ-संध्याकाळ फ्रिज तुम्ही मोजायचे, सही तुमची. एक आकडा न बघता लिहिलात, तर परतीचं तिकीट. कबूल?"

एवढ्या वर्षांचा आचारी आणि काकड्या चिरत बसायचं? त्याने डोळे मिटले. "कबूल."

सप्टेंबरात तो गेला, आणि तिथे रोज थर्मामीटर हातात धरून एक-एक आकडा लिहू लागला. सावजीचा वास दुसऱ्यांच्या चुलीवरून यायचा. फेब्रुवारीत, सहा महिने भरायच्या आत, आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. शशिकांतने त्याच दिवशी रजा दिली. विष्णू शुक्रवारी घरी पोचला, तिला भाताची पेज स्वतः भरवली, आणि ती दोन घास जास्त जेवली.

विष्णूची आई ११ फेब्रुवारी २००७ रोजी, रविवारी, नागपुरात वारली.