पाहा आणि लिहा

दुसरीच्या दोन तुकड्या होत्या आणि त्यांच्या मधे लाकडी पार्टिशन होतं. अलीकडे मोठ्या बाई शिकवत, पलीकडे छोट्या बाई. ही नावं मुलांनीच ठेवली होती. मोठ्या बाईंना शाळेत पंचवीस-एक वर्षं झाली होती. छोट्या बाई वर्षभराच्या बोलीवर आल्या होत्या, आणि पुढे त्यांना ठेवायचं की नाही हे या सत्राच्या निकालावर ठरायचं होतं.

सत्राअखेरचा गणिताचा पेपर दरवर्षी मोठ्या बाईच काढत, आणि त्याचा त्यांना तोरा होता. सुरुवातीला सोप्या बेरजा, म्हणजे मुलं बिचकत नाहीत. मग लहान-मोठी संख्या, घड्याळाच्या जोड्या, आकृत्या, रिकाम्या जागा, आणि शेवटी डोकं चालवायला एखादं शाब्दिक उदाहरण. सगळ्याच मुलांना जमेल असं निम्म्याहून जास्त, आणि हुशारांची परीक्षा पाहणारं थोडंसंच. "पेपर कसा, जेवणाच्या ताटासारखा हवा, सगळं थोडं थोडं," असं त्या नव्या शिक्षकांना सांगत, आणि नवे शिक्षक बिचारे मान डोलावत.

या वेळी पलीकडच्या तुकडीचे पेपर तपासायला त्यांच्याकडे आले होते. बेरजा ठीक होत्या. पुढे मात्र गंमतच होती. तिसऱ्या प्रश्नात 'योग्य संख्या निवडा' म्हणून ४७, ७४, ४४ अशा ओळी दिल्या होत्या. एकाने सगळ्याच संख्यांना गोल केले होते. एकीने प्रत्येक ओळ खाली सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. पाचव्या प्रश्नात त्रिकोण, चौकोन, वर्तुळांनी बनवलेलं घर होतं, आणि वर लिहिलं होतं, 'पाहा आणि लिहा'. त्याखाली एका मुलाने लिहिलं होतं, 'छान घर आहे'.

मोठ्या बाई आधी हसल्या. मग त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. पोराने पाहिलं होतं आणि लिहिलंही होतं. त्रिकोण किती, चौकोन किती, हे मोजून लिहायचं, असं कागदावर होतं कुठे? ते त्यांनी आपल्या वर्गात पेपरच्या वेळी तोंडाने सांगितलं होतं. प्रश्न आला की त्या खुर्चीतून उठत आणि म्हणत, "हं, आता ओळीतल्या सगळ्यात मोठ्या संख्येला गोल करा बरं का." इतक्या वर्षांची सवय. आपण सांगतोय हेसुद्धा त्यांच्या ध्यानात येत नसे.

तरीही त्यांनी 'छान घर आहे'पुढे शून्य दिलं. उत्तरसूचीशी जुळत नव्हतं, एवढंच त्यांनी स्वतःला सांगितलं.

निकालाच्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी दोन्ही तुकड्यांचे गुण शेजारी शेजारी ठेवले.

"एकच पेपर, एकच अभ्यासक्रम," त्या छोट्या बाईंना म्हणाल्या. "मोठ्या बाईंची मुलं बघा आणि तुमची बघा. वर्षभर वर्गात काय चाललं होतं?"

छोट्या बाई टेबलाकडे बघत राहिल्या. "मुलांना येतं, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

"येतं तर लिहिलं का नाही?"

तेव्हा मोठ्या बाईंनी बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "तुमच्या पेपरचं बाकी कौतुक हं, दरवर्षीसारखं," आणि मोठ्या बाई कसनुसं हसल्या. मूग गिळून बसल्या, असं म्हणायला हवं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं एकीकडे वाटत होतं, आणि दुसरीकडे त्या हसत होत्या. त्या हसण्याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी त्यांनी पेपर नवऱ्यापुढे ठेवला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने चष्मा चढवून घराचं चित्र नीट निरखलं.

"पाहिलं," तो म्हणाला. "आता काय लिहू?"

"काही नको," म्हणत बाईंनी कागद ओढून घेतला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्या पार्टिशनपलीकडे गेल्या. छोट्या बाई एकट्याच फळा पुसत होत्या.

"तुला एक सांगायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "पेपरच्या दिवशी मी माझ्या वर्गाला प्रत्येक प्रश्नात काय करायचं ते सांगत होते."

"माहीत आहे," छोट्या बाई म्हणाल्या. त्यांनी फळा पुसणं थांबवलं नाही. "इथे सगळं ऐकू येतं. माझी मुलं पार्टिशनला कान लावत होती. मी त्यांना दटावलं. म्हटलं, दुसऱ्या वर्गाचं ऐकून लिहिणं म्हणजे कॉपी."

मोठ्या बाई फळ्याजवळ आल्या.

"मग काल बोलली का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर चहाडी झाली असती, बाई. शिवाय मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

ज्या मुलांनी ऐकायचं नाही म्हणून ऐकलं नाही, त्यांना आपण शून्य दिलं, हे मोठ्या बाईंना आता पुरतं कळलं. त्या तशाच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शून्य कळून-सवरून दिलं, हेही सांगितलं. कौतुक परत घ्यायचं कसं, हे बहुधा मुख्याध्यापिकांनाही कळत नव्हतं.

"परत पेपर घेऊ या," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन्ही वर्गांचा. या नव्या बाईंना ठेवायचं की नाही, ते त्यानंतर. पण सूचना कागदावर हव्यात."

नवा पेपर दोघींनी मिळून काढला. प्रश्नांचे प्रकार तेच, गुण तेच, सोप्या-अवघडाचं माप तेच, फक्त आकडे बदलले. मोठ्या बाई सूचना लिहीत आणि छोट्या बाई दुसरीतल्या मुलासारखं बोट ठेवून वाचत. 'निवडा' खोडून 'प्रत्येक ओळीतील सर्वांत मोठ्या संख्येला गोल करा' असं लिहिलं, आणि पहिली ओळ सोडवून दाखवली. 'जोड्या लावा'च्या जागी 'घड्याळापासून योग्य वेळेपर्यंत रेघ ओढा' आलं. घराखाली 'त्रिकोण मोजा. चौकटीत संख्या लिहा' असं लिहून चौकट काढली. एका सूचनेत एकच काम. मोठ्या बाई मधेच समजावू लागल्या की छोट्या बाई नुसत्या वर बघत, आणि मोठ्या बाई पेन उचलत.

पेपरच्या दिवशी वर्गांची अदलाबदल झाली. मोठ्या बाई पलीकडच्या वर्गात बसल्या, ओठ घट्ट मिटून. एका मुलीने हात वर केला, "बाई, इथे काय करायचं?"

"वाच," त्या म्हणाल्या. इतका छोटा शब्द उच्चारायला त्यांना आयुष्यात कधी इतका जोर लागला नव्हता.

मुलीने पुटपुटत वाचलं आणि रेघ ओढली.

पार्टिशनलगतच्या बाकावर 'छान घर आहे' लिहिणारा मुलगा बसला होता. घराच्या चित्राशी आल्यावर तो थांबला. त्याने हळूच लाकडाला कान लावला, मग दचकून बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंच्या तोंडून दटावणी निघाली नाही. त्यांनीच मान खाली घातली.

पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. मुलाने कान काढला, सूचनेखाली बोट ठेवलं, आणि त्रिकोण मोजू लागला.