वालाच्या मुळांवरच्या गाठी

बोडके मास्तरांनी शनिवारी परजीवी शिकवले आणि सहजीवन सोमवारवर ढकललं. मधल्या रविवारी आमच्या सोमीनं माझी वालाची अख्खी ओळ उपटून टाकली! तण काढताना एक रोप उपटून आलं, त्याच्या मुळांना गाठी दिसल्या, तर तिला वाटलं, झाडाला शोषणारे परजीवीच हे.

सोमी डोंगरातल्या वाडीवरची. शाळेसाठी माझ्याकडं राहते. मी तिला नको नको ते बोलले आणि रोपं घेऊन तडक मास्तरांचं घर गाठलं.

"बघा तुमचं शिक्षण!"

मास्तरांनी एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली.

"मालनबाई, हा रोग नाही. यातले जिवाणू झाडाचं अन्न खातात आणि हवेतला नत्र झाडाला कामी येईल असा करून देतात. परजीवी नुसता घेतो. इथं दोघांचंही भागतं. हेच उद्या शिकवणार होतो."

घरी आले, तर सोमी दप्तर भरून उंबऱ्यात उभी.

"मी बी तुमचंच खाते, मावशी. परजीवीच हाय मी. जाते वाडीवर."

माझ्या दुखऱ्या गुडघ्यांमुळं विहिरीचं पाणी रोज तीच आणते. मी दप्तर हिसकावलं.

"गप बस गं. तुझा अजून अर्धाच धडा झालाय."