आधी कार्यभार, मग गाडी

परिपाठ संपता संपता जावयाचा फोन आला. लेकीच्या पोटातल्या बाळाचे ठोके मधूनच मंदावतायत, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन उद्या सकाळवर आणलंय. मोठ्या बाईंनी "हो, हो" म्हटलं. समोर रांगा वर्गांकडे वळत होत्या. एरवी रेंगाळणाऱ्या पोरांना त्या नुसत्या नजरेनं हाकत, आज नजर कुठे ठरेना. लेक तिकडे, शाळा इकडे, आणि मधे दिवसभराचा रस्ता.

संस्थेचे सचिव फोनवर मोकळेपणानं म्हणाले, "अहो, निघा ना! अर्ज टेबलावर ठेवा. अध्यक्ष बाहेरगावी आहेत, आल्यावर बैठकीत घेऊ मंजूर. तुम्हाला कोण विचारतंय?"

बाईंनी हुश्श केलं आणि उपमुख्याध्यापकांना बोलावलं. किल्ल्या, शिक्का, सगळं टेबलावर मांडलं. सरांनी कशालाही हात लावला नाही. शाळा त्यांना पाठीमागे 'काटेकोर' म्हणते, ते काही उगाच नाही.

"तोंडी कार्यभार मी घेणार नाही, बाई."

"अहो, माझी लेक..."

"कळतंय मला. पण तुमच्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या वेळी असाच तोंडी घेतला होता. शिक्षण कार्यालयाला पत्रच गेलं नव्हतं. पगारबिलावरची माझी सही त्यांनी मानली नाही आणि सगळ्यांचा पगार अडकला. माझी बायकोसुद्धा म्हणाली, सही नीट करायला काय होतं तुम्हाला!" ते हसले नाहीत. "रजामंजुरीचं पत्र हवं, त्यात माझं नाव हवं, आणि कार्यालयाची पोच हवी. मग शाळा माझी."

बाईंना राग आला. पाय गाडीकडे ओढत होते, पण नववीची परीक्षा तोंडावर होती. सहीवाचून शाळा टाकून जायचं म्हणजे पेटत्या चुलीवर दूध ठेवून दाराला कुलूप लावायचं.

"टाइप करून आणा," त्या म्हणाल्या.

सचिवांचं रंगाचं दुकान होतं. ते डबा हलवणाऱ्या यंत्रापाशी उभे होते. बोलायला ओरडावं लागत होतं.

"दोघंही आलात? शाळा कुणावर सोडलीत?"

"पर्यवेक्षक बाई आहेत. सही करा," बाई म्हणाल्या.

सचिवांनी कागद लांब धरून वाचला. अर्जित रजा, कार्यभार उपमुख्याध्यापकांकडे, त्यांच्या सहीचा नमुना, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. "अध्यक्षांना विचारल्याशिवाय कसं करू? उद्या म्हणतील, सचिव फार शहाणा झाला."

"रजा मंजूर करायचा अधिकार तुम्हालाच दिलाय ना संस्थेनं?" काटेकोर सर म्हणाले. "बैठकीत फक्त माहितीसाठी ठेवायचं."

"सर, तुम्ही रंग नका लावू मला."

बाईंनी लेकीचा नंबर लावला आणि फोन सचिवांच्या हातात दिला. "मी येऊ शकत नाही, हे तुम्हीच सांगा तिला."

सचिव गोंधळले. त्यांनी यंत्र बंद केलं. त्या अचानक शांततेत लेकीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"काय बाई, रजा मंजूर झाली का?"

त्याच शाळेत शिकलेली पोर. शाळेच्या फाटकाच्या आत आईला आई म्हणायचं नाही, हा बाईंचाच नियम. तापानं फणफणलेली असतानाही पाचवीतली ती पोर शिक्षकखोलीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "बाई, मी आत येऊ?"

सचिवांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "झाली, बाळा. आत्ता होतेय." सही झाली. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा आकाशी ठसाही उमटला.

शाळेत परतून बाईंनी एकेक किल्ली सरांच्या हातात दिली. कार्यभाराच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. सर स्कूटरवरून शिक्षण कार्यालयाकडे, बाई पिशवी घेऊन स्टँडवर.

गाडी लागली. लोक चढले. सरांचा फोन येईना. कार्यालयातला कारकून जेवायला गेला असेल का? ठशामुळे पत्र परत केलं असेल का? वाहकानं घंटी दिली, बाई धडपडत चढल्या, आणि खिडकीशी बसताच फोन वाजला.

"पोच मिळाली," सर म्हणाले. "ठसा बघून कारकून म्हणाला, संस्थेनं नवा शिक्का केला वाटतं. बरं, बाई, नववीच्या परीक्षेची बैठकव्यवस्था हॉलमध्ये करू की वर्गांत?"

"हॉलमध्ये. नाही, थांबा, हॉलमधले पंखे..." बाईंनी वाक्य तिथंच सोडलं. "मुख्याध्यापकांना विचारा, सर."

पलीकडून हसू आलं. ते कधी हसत नसत. "तेच ऐकायचं होतं. जपून जा."

गावाबाहेरचा रस्ता लागला. बाईंनी लेकीला फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. शेवटी उचलला.

"हां, बाई?"

"फाटकाबाहेर आहे मी आता," त्या म्हणाल्या. "आई म्हण."

"आई," लेक म्हणाली, "मला खूप भीती वाटतेय गं."

"मलाही," आई म्हणाली. "बोलत राहा. मी येतेय."