चाळीस नंबरच्या ओळीवर

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा प्रभाकरराव खिशात कुलूप घालून विज्ञानाच्या खोलीकडे निघाले. आर्वीच्या त्या शाळेत सव्वीस वर्षं काढलेला हा मुख्याध्यापक आज एका पेटीचं तोंड बंद करणार होता.

पेटी म्हणजे दिल्लीहून आलेला संगणक. प्रभाकररावांना त्याच्याबद्दल इतकीच माहिती होती की तो टीव्हीला जोडावा लागतो आणि मोठ्या माणसांची लाज काढतो. काल संस्थेच्या मंडळींसमोर नववीच्या गणिताचे गुण दाखवायचे होते. पडद्यावर एकामागून एक एकेचाळीस गुण उमटले आणि बेचाळिसाव्याला पेटी थांबली: ‘आउट ऑफ डेटा अ‍ॅट लाइन ४०’. एका सदस्यानं विचारलं, ‘‘हे तुम्हाला म्हणतंय का हो?’’ सगळे हसले. प्रभाकरराव हसले नाहीत.

आकडे भरले होते सुमतीनं, कापसाच्या दलालाच्या पोरीनं. तिला पोरांच्या संगणक मंडळातून काढायचं आणि सोमवारी शिक्षणाधिकारी आले की कुलूप दाखवायचं, असं त्यांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं.

खोलीत कृष्णकांत बोलत होता. नागपूरला तीन आठवडे शिकून आलेला हा विज्ञानशिक्षक पोरांसमोर भाषण देतो म्हणजे काय, हे ऐकायला ते दारातच थांबले.

‘‘काल सुमती रडली. काऊन? तर मशीननं तिला मूर्ख म्हटलं, असं तिला वाटलं. अरे, या मशीनला आपण कोण हेच ठाऊक नाही, ते अपमान काय करणार? ते फक्त सांगतं, मी चाळीस नंबरच्या ओळीवर थांबलो, कारण पुढचा आकडा वाचायचा होता आणि आकडे संपले. बस. डॉक्टरला पेशंट म्हणतो पोट दुखतंय, तर डॉक्टर रुसून घरी जातो का?’’

प्रभाकरराव मनात म्हणाले, तीन आठवड्यांत डॉक्टर झाले गुरुजी.

‘‘पण सर, चाळीस नंबरची ओळ बरोबर आहे,’’ सुमती म्हणाली. ‘‘दहादा पाहिली मी.’’

‘‘बरोबरच आहे. तिथं मशीन अडलं, चूक तिथंच असेल असं नाही. ती ओळ आकडा वाचते. बेचाळीस पोरांसाठी बेचाळीसदा वाचते. आकडे कमी पडले तर ते कुठं शोधायचे?’’

‘‘आकड्यांच्या ओळींत,’’ सुमती म्हणाली.

प्रभाकरराव आत शिरले. ‘‘एवढं पुराण कशाला? मी कालच सांगितलं, शेवटी एक पस्तीस टाका, पेटी गप्प बसते.’’

‘‘बसेल, सर,’’ कृष्णकांत खाली मान घालून म्हणाला. ‘‘म्हणूनच टाकलं नाही.’’

असल्या नम्रपणाचा प्रभाकररावांना मनस्वी तिटकारा होता. ‘‘पोरीनं एक आकडा गाळला. तिला काढा, विषय संपला.’’

तेवढ्यात पद्मा नावाची पोरगी पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘‘सर, माहा नंबर अठरा. मले पेपरात अठ्ठावन्न भेटले होते. इथं एकाहत्तर दिसून राह्यले.’’

‘‘मंग गप राह्य ना,’’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘‘एकाहत्तर तर एकोणीस नंबरचे,’’ सुमती पुटपुटली. ती गुणांची वही आणि पडदा ताडून पाहू लागली. सतरापर्यंत सगळं जुळत होतं. अठरापासून प्रत्येकाच्या नावापुढं खालच्याचे गुण चढले होते. तिनं वहीत अठराव्या नंबरावर बोट ठेवलं. तिथं आकडा नव्हताच. सतराच्या अठ्ठावन्नखाली दोन छोट्या उभ्या रेघा होत्या.

‘‘वरीलप्रमाणे,’’ कृष्णकांत हळूच म्हणाला.

वही प्रभाकररावांची, अक्षरही त्यांचंच. सारखे गुण आले की दुसऱ्यांदा आकडा लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटे.

‘‘एवढंही वाचता येत नाही?’’ त्यांनी सुमतीला झापलं. ‘‘सव्वीस वर्षं कारकून वाचतात.’’

‘‘आकडा दिसला नाही म्हणून मी खालचा टाकला, सर,’’ ती म्हणाली. तिचं बोट वहीवरच होतं. ‘‘पस्तीस टाकले असते तर बेचाळीस नंबरच्याले पस्तीस भेटले असते. अन् पद्माले एकाहत्तर. अन् मशीन काहीच बोललं नसतं.’’

कृष्णकांत खडू बोटांत फिरवत खिडकीबाहेर पाहत होता. आपल्याकडं न बघून हा उपकारच करतोय, असं प्रभाकररावांना वाटलं.

‘‘सोमवारी हिलाच बसवा,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या कुणाला परत शिकवत बसायला वेळ नाही.’’ वही काखेत मारून ते निघाले. ‘‘अठरावर अठ्ठावन्न टाकजो गं. डोळे उघडे ठेवून.’’

कचेरीत येऊन त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि वही उघडली. आठवी, नववी, दहावी, पानोपानी दोन-दोन रेघा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि एकेका रेघेवर आकडा लिहायला घेतला. दर आकड्याला ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, ‘‘बिनडोक पेटी. बिनडोक पेटी.’’