यंदा काय शिकलात

वर्षभरात काय केलं ते साहेबांना मेलवर कळवायचं काम चिमटीने नेहमीसारखं शेवटच्या आठवड्यावर ढकललं होतं. चिमटी हे तिचं खरं नाव नव्हे. औषध कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत ती बिस्किटसुद्धा तराजूचं वजन उचलावं तशी दोन बोटांनी उचलायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

मेलचे भाग ठरलेले असत. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली उद्दिष्टं आणि त्यांतली किती पुरी झाली, हे आकड्यांसकट आधी. मग नवीन काय शिकलात. शेवटी पुढच्या वर्षी काय करणार. त्यावर साहेब शेरा लिहीत, रेटिंग सुचवत आणि एचआरकडे पाठवत. तिथे सगळ्या विभागांची रेटिंगं ताडून पाहिली की मग प्रमोशनची यादी लागे.

यंदा त्या यादीवर चिमटीचा जीव टांगलेला होता. सेक्शन हेडची जागा रिकामी झाली होती आणि सेक्शन हेडला रात्रपाळी नसते. घरी बाबा होते. मागच्या वर्षी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, एक बाजू सोडून हातपाय सावरले, पण शब्द गेले. आता ते बोलायचे ते नुसते आवाज: टा, के, कधी लांबवलेला ऊ. दादा-वहिनी प्रेमाने करायचे सगळं, पण वहिनी सरळ सांगायची, "मला तर बाई सगळं टाटाटाच ऐकू येतं." चिमटीला मात्र कळायचं. रोज शेजारी बसून, चुकत, पुन्हा विचारत, वर्षभरात ती त्यांची भाषा शिकली होती. कोणता टा पाण्याचा, कोणता उशीचा, आणि कोणता टा म्हणजे आईची आठवण आली, हे ती आवाजाच्या चढावरून ओळखायची. ती रात्रपाळीला गेली की बाबा सकाळपर्यंत मुके असायचे.

उद्दिष्टांचा भाग तिने झरझर लिहिला. नमुना आल्यापासून अहवालापर्यंतचे दिवस नऊवरून सहावर आणले. मर्यादेबाहेर गेलेल्या निकालांच्या चौकशा मुदतीत संपवल्या, एक सोडून. ती एक का लांबली, तेही लिहिलं, कारण खोटं लिहायची तिला सवय नव्हती. दोन नव्या मुलींना मशीनवर तयार केलं.

शिकल्याच्या भागात एकच गोष्ट सुचली. औषधातले घटक वेगळे करणाऱ्या मशीनला एक पंप असतो. त्याचा व्हॉल्व्ह अडकायला लागला की पडद्यावरची दाबाची रेघ थरथरते. चिमटीला ते रेघेच्या आधी कानाने कळायला लागलं होतं. टिक-टिक चालू असताना मध्येच एक टिक किंचित ओली वाजायची. व्हॉल्व्ह आवाजावरून ओळखता येतो, एवढंच तिने लिहिलं आणि मेल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पंपासमोर उभी राहिली आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे आवाज आला, टिक-टिक अगदी स्वच्छ. पण तो तिला काही सांगत नव्हता. परक्या घरातल्या घड्याळासारखा तो नुसता चालला होता.

झोप झाली नसेल, असं म्हणून ती वळली, तर दारात साहेब. ते सहसा प्रयोगशाळेत यायचे नाहीत. त्यांचं आयुष्य काचेच्या केबिनमध्ये गेलेलं. मान तिरकी करून ते ऐकत होते.

"दोन नंबरचा व्हॉल्व्ह बघून घे गं," ते म्हणाले. "एक टिक ओली येतेय."

ते गेल्यावर दहा मिनिटांत दाबाची रेघ थरथरली.

ओली हा शब्द चिमटीचा होता. पण तो तिने मेलमध्ये लिहिला नव्हता.

खिडकीजवळच्या टेबलावर काका बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते. काका म्हणजे प्रयोगशाळेतले सर्वांत जुने. त्यांचं नाक एकेकाळी सगळ्या कारखान्यात गाजलेलं होतं. बाटलीचं झाकण उघडायच्या आधी आतलं द्रावण कुठलं ते सांगायचे. हल्ली काही सांगत नसत. वय झालं, असं सगळे म्हणत.

"लिहिलंस ना?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"काय?"

"पंपाचं. मेलमध्ये." त्यांनी लेबल अंगठ्याने दाबून बसवलं. "मी नाकाचं लिहिलं होतं. चार ओळी, हौसेने. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा नुसता गरम लागला."

"काका, थट्टा करू नका."

"थट्टा करायला मला काय कमी पोरं आहेत इथे? लिहिलं की जातं, बाई. सगळीकडे नाही, यांच्याकडेच." त्यांनी केबिनकडे हनुवटी उडवली. "बाकीचे साहेब मेल वाचत नाहीत, नुसता शेरा मारतात. हे वाचतात. खरंच वाचतात."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? साहेबांनी माझं नाक नेलं?" काका हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आमची तपासणी करायला डॉक्टर बोलावले असते."

विज्ञान शिकलेल्या माणसाला एका प्रसंगावर विश्वास ठेवायचा हक्क नसतो. म्हणून चिमटी आठवडाभर रोज पंपाशेजारी स्टूल घेऊन बसली. जुना, खराब व्हॉल्व्ह मुद्दाम लावून बघितला, चांगला लावून बघितला. एका नव्या मुलीला अदलाबदल करायला सांगितली आणि दुसरीला शेजारी घेऊन, पंपाकडे पाठ करून ओळखायला उभी राहिली. एकदाही धड ओळखता आलं नाही. उलट शेजारची मुलगीच दोनदा बरोबर बोलली. चिमटीचं मात्र कानात शिरलेलं काहीच आत टिकत नव्हतं, ओल्या काचेवर लिहावं तसं. गेलेलं परत शिकता येत नाही, एवढं तिने स्वतःपुरतं सिद्ध केलं.

त्याच दिवशी साहेबांचं बोलावणं आलं.

"बस. मेल उत्तम आहे," ते म्हणाले. त्यांनी समोरची बाटली उचलून नाकाजवळ नेली, अगदी काकांच्या ढंगात, आणि खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर सुट्टी न मागता द्यायचा. "आकडे चोख आहेत. लांबलेल्या चौकशीचंही प्रामाणिकपणे लिहिलंस. पण शिकलेलं एवढंच? सेक्शन हेडसाठी नाव पाठवायचं तर एचआर विचारणार, बाई वाढली कुठे? अजून एक-दोन मुद्दे घाल. कामाचेच हवेत असं नाही."

"दुसरं काही नाही, सर."

"असं कसं? सहामाही आढाव्याच्या वेळी तूच म्हणाली होतीस, वडिलांचं बोलणं आता कळतं म्हणून. केवढी मोठी गोष्ट आहे ती! ऐकण्याचं कौशल्य. चार ओळी लिही. छान, सविस्तर लिही." ते पुढे झुकले. त्यांचे डोळे जेवायला बसलेल्या माणसाचे होते, आणि ते त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. "मला वाचायला आवडेल."

भिंतीपलीकडे पंप चालू होता. साहेबांची मान जराशी तिरकी झाली.

"सर, तुम्हाला हे सगळं... कळतं कसं?" तिने विचारून टाकलं.

"काय की. सकाळी उठतो तर येत असतं." ते मोकळेपणाने हसले. "माणसं माझ्याकडे फार मनापासून लिहितात. उद्या संध्याकाळपर्यंत पाठव हं. मग माझ्या हातात काही राहत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाजारात गेल्यावर चिमटी बाबांच्या पलंगाशी बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. पंप, काका, साहेब, सेक्शन हेड. बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. ते मध्ये न बोलता ऐकत राहिले, तोंडी परीक्षा घेताना ऐकायचे तसे, अर्धवट डोळे मिटून.

"लिहिलं तर रात्री मी घरी असेन," ती म्हणाली. "पण तुम्ही काय बोलता ते मला कळणार नाही. नाही लिहिलं तर कळेल, पण रात्री मी नसेन. सांगा आता."

बाबांनी चांगला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "टा. के-के. टाऽऽ ऊ."

तिला शब्द न् शब्द कळला. लिहून टाक. तुझी झोप होत नाही, तोंड बघ केवढंसं झालंय. माझं काय, मी गप्प राहीन.

चिमटीने त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिल्यानंतरचा दिवस कसा असेल ते मुद्दाम करून बघितलं. "काय म्हणालात, बाबा? मला नाही कळलं."

ते चपापले. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. तिने मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज कापरा झाला. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच घराच्या दाराला किल्ली लागत नाही, अशा माणसाची नजर ती. मग त्यांनी हात डोक्यावरून काढला, भिंतीकडे वळले आणि गप्प झाले.

संध्याकाळी तिने साहेबांना उत्तर लिहिलं. "आपल्या सूचनेप्रमाणे पुन्हा विचार केला. यंदा याहून वेगळं नोंदवण्यासारखं काही शिकले नाही. पुढच्या वर्षीची उद्दिष्टं पूर्वी पाठवल्याप्रमाणे कायम." मधली ओळ तिने दोनदा वाचली. वर्षभरात लिहिलेलं तिचं हे पहिलं खोटं होतं. तिने ते पाठवलं.

महिन्याभराने समोरासमोर बैठक झाली. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. अपेक्षेप्रमाणे काम, मधलं रेटिंग. जागा दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी गेली होती. त्याच्या मेलमध्ये शिकलेल्या गोष्टींचं पान भरलं होतं म्हणे.

"वाईट वाटलं मला," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलेलं दिसत होतं. उपाशी उठवल्यासारखा चेहरा होता त्यांचा. "काहीच शिकली नाहीस?"

"नाही, सर."

ती सही करून उठली आणि दार लावताना तिने मागे पाहिलं नाही.

घरी बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. आवाज काढायचेच नाहीत. पाण्याकडे बोट, उशीकडे बोट. बाबा, मला कळतं हो, त्या दिवशी मी उगाच म्हणाले, असं तिने किती वेळा सांगितलं, पण कुणी नुसतं म्हणून ते मानणारे नव्हते. गणिताचे मास्तर ते. बैठकीच्या दिवशी ती दमून पलंगाच्या कडेला बसली आणि रेटिंगचं सांगितलं.

"तेव्हा सेक्शन हेड नाही. रात्रपाळी आहेच."

बाबा सावकाश, एकेक आवाज मोजून टाकत म्हणाले, "के-टा-टा. ऊ-के. टा."

चिमटीने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा मनात वाजवलं. काहीच लागेना. चढ नव्हता, उतार नव्हता, आत कुणीच नव्हतं. तिने सहामाहीला तोंडी सांगितलं होतं, तेवढ्यानेही जातं की काय? तिने डोळे उघडले. बाबांचा ओठाचा एक कोपरा, चांगल्या बाजूचा, किंचित दबला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे काहीच नाहीये. नुसते आवाज आहेत. तुम्ही मला फसवताय."

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते बोलायला लागले, महिन्याभराचं साठलेलं सगळं, एकामागून एक. वहिनी हातात झारा तसाच धरून दारात येऊन उभी राहिली.

"काय गं, काय म्हणतायत एवढं?"

"शिव्या देतायत मला," चिमटी म्हणाली, आणि ऐकत राहिली.