पाहुण्यांच्या अठरा कोंबड्या

मी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही, आणि तरीही औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीत बसून आजवर बऱ्याच लोकांच्या कोंबड्या हिशेबात वाढवल्या आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी कर्जासाठी लागणारे प्रकल्प अहवाल करून द्यायला लागले. खाली साड्यांचं दुकान, वर मी. दारावर पाटी आहे: दमयंती देशपांडे, व्यवसाय सल्ला. सल्ला कुणी घेत नाही. सगळ्यांना अहवाल हवा असतो, तोही संध्याकाळपर्यंत.

सुकेशनी मात्र सल्ला घ्यायला आली होती. सिल्लोडच्या पुढचं खेडं, घर धनगराचं, नवरा हनुमान ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ती स्वतः दरवर्षी लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. तिला शंभर गावरान कोंबड्यांचं शेड टाकायचं होतं.

"एक साल देतो म्हणलेत घरचे," ती म्हणाली. "सालभरात जमलं तर जमलं. नायतर शेडात कडबा भरायचा अन् मी परत कापसाला. मला परत कापसाला नाय जायचं, मॅडम."

तिने स्वतःचा हिशेब मनात करून आणला होता. शंभर कोंबड्या, रोज शंभर अंडी. हा हिशेब माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस करतो. कोंबडीला सुट्टी लागत नाही, असा लोकांचा ठाम समज आहे. मी तिला सांगितलं की सुधारित गावरान जातीच्या शंभर कोंबड्या वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला पन्नास अंडी देतात, आणि तीही लगेच नाही. महिन्याचं, लसी दिलेलं पिल्लू आणलं तर पुढचे चार महिने ते फक्त खातं. एकेक पक्षी या काळात सात किलोच्या वर खाद्य संपवतो. म्हणजे पहिलं अंडं दिसायच्या आधी शंभर पक्ष्यांच्या खाद्यालाच पंचवीस हजार गेले.

"मका घरचा हाय ना," ती म्हणाली. "तो फुकट."

"सिल्लोडच्या बाजारात तुझा मका फुकट घेतात का?"

"नाय."

"मग कोंबडीलाही बाजारभावानेच विकायचा."

तिला ते पटलं. तिचं हेच मला आवडलं. वाद घालायची, पण पटलं की तिथेच थांबायची. माझ्या घरात ही कला कुणाकडे नाही.

आम्ही सगळं मांडलं. अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवसाला शंभर-एकशे दहा ग्रॅम खाद्य. अंडं शहरात अकरा रुपयांनी गेलं तर रोजचे साडेपाचशे, खाद्याचे साडेतीनशे, उरले दोनशे. त्यातून हप्ता, लस, वीज. हाताशी महिन्याला चारेक हजार. मग मर धरायची, म्हणजे आजाराने, कुत्र्या-मुंगसाने किती पक्षी जातील ते. मी नेहमीप्रमाणे पाच टक्के लिहिले.

"अन् पाहुण्यांच्या?" तिने विचारलं.

"कुठल्या पाहुण्यांच्या?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग बोटांवर मोजायला लागली. नणंदेचा नवरा वर्षातून चारदा येतो. चुलत सासरे दिवाळीला आणि जत्रेला. हनुमानचे मित्र. सासऱ्यांचे साडू. दारात कोंबड्या असताना पाहुण्याला डाळ वाढली तर सासरे कडुबा दोन दिवस जेवत नाहीत. बेरीज अठरा झाली.

"अठरा म्हणजे कमीच धरल्यात," ती म्हणाली.

एकेका कोंबडीवर अंड्यावर येईपर्यंत पावणेचारशे खर्च झालेला असतो, शिवाय तिची पुढची वर्षभराची अंडी बुडतात. मी हिशेब पुन्हा केला. चार हजारांचे तीन झाले. मी खरं ते लिहिलं: आजार पाच, पाहुणे अठरा.

बँकेतला नवा कृषी अधिकारी विश्वजीत तरुण होता, नीटनेटका होता आणि त्याला विनोद कळत नव्हता. तो म्हणाला, मॅडम, पाहुणे हा कोंबड्यांचा आजार नाही. मी म्हटलं, आजारच आहे, फक्त लस नाही. त्याने 'पाहुणे' खोडलं. एकूण मर पाच टक्क्यांवर बसवा, नाहीतर प्रकरण पुढे जाणार नाही, असं सांगितलं. कर्ज दोन टप्प्यांत मिळणार होतं: शेड आणि पिल्लांचे आधी, पुढच्या खाद्याचे नंतर, पाहणी झाल्यावर. दुसरा टप्पा अडला तर कोंबड्या ऐन अंड्यावर आल्या असताना खाद्य संपणार, आणि अर्धपोटी कोंबडी अंडं देत नाही. हे सुकेशनीला मी तीनदा समजावलं. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

पिल्लं आणल्यावर चार महिन्यांनी विश्वजीत पाहणीला निघाला, तेव्हा मी त्याच्या गाडीत बसले. मला बोलावलं नव्हतं.

शेड बघून मला बरं वाटलं. खाली भाताचं कोरडं तूस, स्वच्छ पाणी, दाराशी चुना, आत जायच्या वेगळ्या चपला. रोज वीस-बावीस अंडी यायला लागली होती, म्हणजे सगळं वेळेवर चाललं होतं. विश्वजीतने पक्षी मोजले. दोनदा मोजले. त्र्याऐंशी.

"सतरा टक्के मर," तो म्हणाला. "अहवालात पाच आहे. व्यवस्थापनात गडबड दिसते."

"सा मेल्या आजारानं," सुकेशनी म्हणाली. "अकरा पाहुण्यांनी खाल्ल्या. मी आधीच सांगितलं होतं साहेब, तुम्ही खोडलं."

"त्याला मी काय करू? मला मोजणीप्रमाणे लिहावं लागेल. दुसरा टप्पा थांबेल."

सुकेशनीच्या चेहऱ्यावरचं बघवेना म्हणून मी कोंबड्यांकडे पाहू लागले. मला राग आला होता, बँकेचा, विश्वजीतचा आणि सगळ्यात जास्त त्या साडूंचा, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात कडुबा आले. डोक्याला फेटा, मिशीला पीळ, आणि चेहऱ्यावर साहेब दारी आल्याचा आनंद. आमचं काय बोलणं झालं ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"सुकेशनी, एक चांगली बघून धर," ते म्हणाले. "साहेब पहिल्यांदा आलंय आपल्या दारी. जेवल्याबिगर कसं जाऊ द्यायचं?"

सुकेशनी आत गेली आणि एक तांबडी कोंबडी दोन्ही हातांत धरून बाहेर आली. ती विश्वजीतसमोर उभी राहिली. कोंबडीनेही त्याच्याकडे पाहिलं.

"साहेब, मोजणी लिहिली का?"

"लिहिली. त्र्याऐंशी."

"मग ब्याऐंशी करा. ही तुमची. अन् हिला कोणत्या आजारात लिहायचं तेबी सांगा."

विश्वजीतचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मदत करायला गाडीत बसून आले नव्हते.

"मी... माझा गुरुवार असतो," तो म्हणाला.

"आज बुधवार हाय," कडुबा म्हणाले.

"बुधवारही धरलाय. नवीनच."

कडुबांनी जरा विचार केला. माणूस दोन दोन वार धरतो म्हणजे देवभोळा असणार, आणि देवाच्या माणसाला आग्रह कसा करायचा? त्यांनी मान हलवली आणि घरात पिठल्याची वर्दी दिली. सुकेशनीने कोंबडी परत आत सोडली.

विश्वजीतने पिठल्यासोबत तीन भाकरी खाल्ल्या. हात धुतल्यावर बाजेवर बसून पाहणीचा कागद पुन्हा काढला आणि बराच वेळ पेन तोंडात धरून बसला. शेवटी लिहिलं: आजाराने मर सहा, घरगुती वापर अकरा, पक्षी निरोगी, अंडी सुरू, दुसरा टप्पा द्यावा. पुढे 'यापुढे घरगुती वापर नसावा' अशी अटही टाकली. 'घरगुती वापर' हा रकाना बँकेच्या छापील कागदावर पहिल्यापासून होता. त्याने तो आधी वाचला नव्हता. मीही वाचला नव्हता, पण मी ते बोलले नाही.

अट कागदावर होती, पण साडू कागद वाचत नाहीत. खरा बंदोबस्त कडुबांनीच केला, आणि तोही नकळत. महिनाभराने नणंदेचा नवरा आला आणि सवयीने शेडकडे बघून मिशा पुसू लागला. कडुबा म्हणाले, "बँकेच्या साहेबाला पिठलं घातलं आम्ही. तू साहेबाहून मोठा व्हय?" तो मोठा नव्हता. चुलत सासरेही नव्हते. साडूंनी एकदा तसा दावा करून पाहिला, पण टिकला नाही. गावात साहेबाहून मोठा पाहुणा येईना आणि कोंबडी कापली जाईना. मला हे सगळं सुकेशनी फोनवर सांगायची आणि हसायची.

साल संपत आलं तेव्हा तिने मला गावी बोलावलं. या वेळी दोनशे पक्ष्यांचा अंदाज करायचा होता. कडब्याचं कुणी नाव काढत नव्हतं. आम्ही शेडच्या दाराशी बाजेवर हिशेब करत होतो. ती अचानक रस्त्याकडे बघत उठली.

रस्त्याने तिचे वडील येत होते. आप्पा. भोकरदनकडून मेंढरं सोडून, दोन एसट्या बदलून आले होते. खांद्यावर घोंगडी आणि काखेत पिशवी. पिशवीतून एका कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं होतं.

"आप्पा, तिथंच थांबा!" सुकेशनी ओरडली.

म्हातारा जागच्या जागी थांबला.

"ती कोंबडी पुढं आणू नका. बाहेरच्या पक्ष्यासंगं रोग येतो. सगळं शेड बसंल."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी पिशवी पाठीमागे धरली, जणू तेवढ्याने रोग अडणार होता. "मला कळलं, तुझ्या कोंबड्या बँकेच्या हायत. तुझ्यावर वज्जं नको म्हणून माझी मी घेऊन आलो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मी तरी येऊ का?"

सुकेशनीला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने. साहेबासमोर, साडूंसमोर कधी न रडलेली बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडली, आणि मला माझा चष्मा पुसावा लागला.

शेवटी शेडचं दार लावून ती बाहेर गेली. रस्त्यापलीकडे शेजारीण द्वारकाबाईंची चूल होती, तिथे ती कोंबडी शिजली. त्या कोंबडीला हात लागल्यामुळे अंघोळ करून लुगडं बदलेपर्यंत सुकेशनीला शेडमध्ये जाता येणार नव्हतं, म्हणून संध्याकाळचं खाद्य कडुबांनी टाकलं, वजन करून, कुरकुर न करता. मी द्वारकाबाईंच्या ओट्यावर भाकरी आणि ठेचा खात बसले. आप्पांच्या ताटात रस्सा होता. त्यांनी तंगडी उचलली, तोंडाशी नेली, आणि तशीच लेकीच्या ताटात ठेवली.

"खा," ते म्हणाले. "ही कुणाच्या मोजणीत नाय."